मावशीची पिशवी काढली, आईची पाळी गेली: मुलीला पत्रात काय लिहायचं?

वाचकाचं पत्र

मी ५६ वर्षांची, सांगलीची. मुलगी २८ वर्षांची आहे, बंगळूरला नोकरी करते, पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरतंय. आमच्या घरात बायकांची पाळी लवकर जाते. माझी ४१ व्या वर्षी गेली. त्याआधी सहा-सात वर्षं गाठींमुळे अंगावरून फार जायचं. एकदा हिमोग्लोबिन सहावर आलं आणि रक्त चढवावं लागलं. आईची पाळीही चाळिशीच्या आसपास गेली होती. थोरल्या बहिणीची ३६ व्या वर्षी पिशवी काढली, धाकटीचं ३८ ला सगळं आटोपलं. नणंदेलाही मूल नाही, पण ती वेगळी गोष्ट. मुलीला यातलं काहीच माहीत नाही. फोनवर विषय काढला की ती “आई, नंतर बोलू” म्हणते. म्हणून पत्र लिहायचं ठरवलंय, पण तिला घाबरवायचं नाही. मोठ्या जाऊबाई म्हणतात, लग्न होईपर्यंत एक अक्षर बोलू नकोस. काय लिहू आणि काय नको?

उत्तर

ताई,

पत्र लिहायला बसण्याआधी दोन फोन करा. एक थोरलीला, एक धाकटीला. दोघींना एकच विचारा: पाळी आपोआप गेली की ऑपरेशननं थांबली? तुमच्या पत्रात या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत आल्या आहेत. मुलीच्या दृष्टीनं मात्र त्या अगदी वेगळ्या आहेत.

पिशवी म्हणजे गर्भाशय. ती काढली की पाळी थांबते, कारण रक्तस्राव तिथूनच होत असतो. पण बाईचे हार्मोन तयार होतात ते अंडाशयात. पिशवी काढताना दोन्ही अंडाशयं जागेवर ठेवली असतील तर ती पुढे बरीच वर्षं काम करत राहतात. अशा बाईची पाळी थांबलेली असते, रजोनिवृत्ती आलेली नसते. अंडाशयंही काढली असतील तर रजोनिवृत्ती त्याच आठवड्यात येते, पण ती डॉक्टरांच्या हातून आलेली असते. रक्तातून मुलीकडे किंवा भाचीकडे ती जात नाही. त्यामुळे थोरल्या बहिणीचं ‘३६’ हा आकडा लवकर पाळी जाण्याच्या यादीत आत्ताच घालू नका.

आपल्याकडे ही गल्लत फार घरांत होते, कारण तरुणपणी पिशवी काढलेल्या बायका आपल्याकडे फार आहेत. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न गाजला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे तुम्ही वाचलं असेल. त्यातल्या कित्येकी चाळिशीच्या आतल्या होत्या. पण हे फक्त ऊसतोडीच्या टोळ्यांत घडत नाही. पांढरं जातंय, पोटात दुखतंय, “पिशवीला सूज आहे”, “पुढे कॅन्सर होईल” अशा कारणांवरून शहरांतही चांगल्या पिशव्या काढल्या गेल्या आहेत, आणि घरी परतल्यावर सांगितलं जातं की ‘गाठ होती’. म्हणून थोरलीला खरंच फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या गाठी, होते का, हेही तपासायला हवं.

तिच्याकडे डिस्चार्ज कार्ड असेल तर ते बघा. त्याहून महत्त्वाचा असतो काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा, म्हणजे बायॉप्सीचा कागद. त्यात ‘लिओमायोमा’ असं लिहिलेलं असेल तर फायब्रॉइड नक्की होते. ‘दोन्ही ओव्हरी’ काढल्याचा उल्लेख आहे का, तेही तिथेच कळेल. पंचवीस वर्षांत कागद हरवले असतील तर एक प्रश्न पुष्कळ काही सांगून जातो: अंगातून वाफा निघणं, रात्री घामानं जाग येणं हे ऑपरेशननंतर लगेच महिन्याभरात सुरू झालं की काही वर्षांनी? लगेच सुरू झालं असेल तर अंडाशयंही काढली असण्याची शक्यता बरीच. काही वर्षांनी सुरू झालं असेल तर अंडाशयं राहिली होती आणि नंतर आपल्या वेळेला थांबली.

आता तुमची आई. त्या पिढीतल्या बायकांना स्वतःचं वय नेमकं ठाऊक नसायचं, पण घरात पाळी पाळली जायची, ती इथे उपयोगाला येईल. आई बाजूला बसायची ते कधी थांबलं, हे मुलांच्या लक्षात राहतं, कारण त्या दिवसांत स्वयंपाक दुसरं कुणीतरी करायचं. तुमचं वय बघता तुम्ही दहावीला होता ते १९८५ च्या आसपास. तेव्हा आई बाजूला बसत होती का? इंदिरा गांधी गेल्या त्या वर्षी? आईच्या वयासाठी थोरल्या बहिणीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून निघा. (तारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली समजा, वर्ष साधारण बरोबर असतं.) समजा थोरली १९६४ ची आहे आणि तिच्या वेळी आई अठरा-एकोणीस वर्षांची होती. म्हणजे आईचा जन्म १९४५-४६ चा. तुमच्या दहावीच्या वर्षी बाजूला बसणं थांबलं असेल तर आईची पाळी ३९-४० ला गेली. दोन वर्षांचा फरक राहिला तरी चालतो. पाळी चाळिशीच्या अलीकडे गेली की पंचेचाळिशीच्या पलीकडे, एवढं कळलं की पुरे.

भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे. ४० ते ४५ मध्ये गेली तर तिला लवकर गेली म्हणतात. चाळिशीच्या आत आपोआप गेली तर डॉक्टर ती वेगळी धरतात, कारण मग कारण शोधावं लागतं आणि उपचारही द्यावे लागतात. तुमची ४१ व्या वर्षी गेली, म्हणजे लवकर, पण विचित्र म्हणावं इतकी नाही. धाकटीच्या बाबतीत “३८ ला सगळं आटोपलं” असं तुम्ही लिहिलंय. आटोपलं म्हणजे काय, यावर मुलीसाठी बरंच अवलंबून आहे.

समजा उत्तरं अशी आली. थोरलीला मोठे फायब्रॉइड होते, पिशवी काढली, अंडाशयं ठेवली, वाफा ४४ च्या सुमाराला सुरू झाल्या. धाकटीचं ऑपरेशन झालंच नाही, ३७ पासून पाळी चुकायला लागली आणि ३८ ला गेली. मग घरचं चित्र असं: आजी ३९-४०, आई ४१, धाकटी मावशी ३८, थोरली मावशी अंदाजे ४४. तिच्याबाबत अंदाजच म्हणायचा, कारण पिशवी काढल्यावर अंडाशयं राहिली तरी ती थोडी लवकर थकू शकतात. तरीही दोन पिढ्यांत इतक्या जणी एका बाजूला झुकलेल्या असतील तर योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. मुलीलाही असंच होईल असा याचा अर्थ नाही. तिची शक्यता इतर मुलींपेक्षा जास्त आहे आणि तिनं ते धरून चालावं, एवढाच अर्थ.

फायब्रॉइडची गोष्ट निराळी. पत्रातही ती निराळ्या परिच्छेदात लिहा, नाहीतर मुलीला वाटेल की गाठींमुळे पाळी लवकर जाते. पाळी जाते ती अंडाशयातला बीजांचा साठा संपत आला म्हणून. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याकडे दहा ते वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि पाळी जाते तेव्हा हजाराच्या आसपास. काहींचा साठा मुळात कमी असतो, काहींचा भराभर संपतो. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच वाढ. तिचा कॅन्सर असणं फार विरळ, आणि ती इस्ट्रोजेनवर पोसली जाते. म्हणून पाळी गेली की गाठी बहुतेकदा आकसतात. तुमचंही तेच झालं असणार: ४१ ला पाळी गेली आणि रक्त जायचं थांबलं. आई किंवा बहिणीला फायब्रॉइड असतील तर मुलीला होण्याची शक्यता वाढते, इतकंच. दोन्ही गोष्टी एकाच घरात आल्या म्हणून एकीनं दुसरी आणली असं होत नाही.

आता नणंदबाईंकडे वळते. “ती वेगळी गोष्ट” असं तुम्ही लिहिलंत. मला ती वेगळी वाटत नाही. पाळी लवकर जाणं म्हटलं की आपण आई, मावशी, आजी एवढंच बघतो. पण मुलीला अर्धं बापाकडून मिळतं, आणि बापाकडे असलेला एकुलता एक एक्स गुणसूत्र तर जवळजवळ जसाच्या तसा प्रत्येक मुलीकडे जातो. त्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात ठरावीक बदल असेल तर ती बाई त्याची वाहक असते. अशा पाच वाहक बायकांपैकी साधारण एकीची पाळी चाळिशीच्या आत जाते. याला फ्रॅजाइल एक्स म्हणतात. हाच बदल पुढच्या पिढीत वाढला तर मुलांत, विशेषतः मुलग्यांत, बौद्धिक अडचणी किंवा स्वमग्नतेची लक्षणं दिसू शकतात. वाहक पुरुषांना साठीच्या सुमारास हात कापणं, चालताना तोल जाणं असा त्रास होऊ शकतो. लवकर पाळी जाणाऱ्या थोड्याच घरांत हे कारण निघतं, पण निघालं तर ते मूल होण्याआधी कळलेलं बरं.

म्हणून नणंदेला विचारा की पाळी कधी गेली आणि कशी. एकट्या असताना विचारा, भावजयीसारखं नाही, मैत्रिणीसारखं. ज्या बाईला मूल नाही म्हणून आयुष्यभर ऐकावं लागलं, तिला कदाचित पहिल्यांदाच कुणीतरी सांगत असेल की हा तिचा दोष नव्हता, शरीरातलं एक कारण असू शकतं. दोन्ही घरांत बुद्धीनं मंद किंवा स्वमग्न मूल कुणाचं आहे का, वयस्कर पुरुषांपैकी कुणाला असा कंप आहे का, हेही आठवून बघा. हे मावशांच्या बाजूनंही येऊ शकतं, एकट्या नणंदेकडूनच असं नाही. यांतलं काही निघालं तर मुलीच्या डॉक्टरांना सांगायचं. एका रक्ततपासणीत ते कळतं, आणि तपासणीआधी जनुकीय सल्लागाराला भेटलेलं चांगलं.

जाऊबाईंचं म्हणणं मी तुमच्या जागी असते तर मानलं नसतं. लग्नानंतर हे कळलं तर मुलगी दोन गोष्टी गमावते. पहिली म्हणजे वेळ. पाळी जाण्याच्या साधारण दहा वर्षं आधीपासून दिवस राहणं अवघड व्हायला लागतं. जिची पाळी चाळिशीला जाऊ शकते, तिच्यासाठी तिशी उजाडणं म्हणजे विचार करायची वेळ. दुसरी म्हणजे तिचा तुमच्यावरचा विश्वास, कारण तुम्हाला माहीत होतं हे तिला आज ना उद्या कळेलच. होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं का, कधी आणि किती, हे तिनं ठरवायचं. तुम्हीही नाही, जाऊबाईही नाही. पत्र तिच्या एकटीच्या नावानं जाऊ दे, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याचा एक शब्दही नको. आणि बहिणींना आधी विचारा: “तुझं नाव घालून लिहू का?” एखादी नको म्हणाली तर ‘एक मावशी’ असं लिहा. वय आणि कारण तेवढं राहू द्या.

मी लिहिलं असतं तर साधारण असं लिहिलं असतं. घर वर धरलंय तसंच धरते. शब्द तुमचे घाला, आकडे फोननंतर बदला.

> प्रिय बाळा,
>
> हे फोनवर बोलायचं होतं, पण दोघींनाही जमत नाही. म्हणून लिहिते. घाईनं वाचू नकोस, आणि वाचून झालं की मला फोन केलाच पाहिजे असंही नाही.
>
> आपल्या घरातल्या बायकांची पाळी लवकर जाते. तुझ्या आजीची ३९-४० ला गेली, माझी ४१ ला. धाकट्या मावशीची ३८ ला, आपोआप, ऑपरेशन न होता. थोरल्या मावशीची पिशवी ३६ व्या वर्षी काढली, पण तिची अंडाशयं ठेवली होती, म्हणून ते वय यात धरायचं नाही. तिला वाफा सुरू झाल्या त्या ४४ च्या सुमारास. तुझं असंच होईल असं कुणीच सांगू शकत नाही. पण होण्याची शक्यता इतर मुलींपेक्षा जास्त आहे, आणि ते तुला आत्ता माहीत असायला हवं, मला वाटेल तेव्हा नाही.
>
> दुसरी गोष्ट वेगळी आहे. मला चौतिसाव्या वर्षी गर्भाशयात फायब्रॉइड निघाले. पाळीत दोन तासांत पॅड भरायचं, दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या रक्ताच्या गाठी पडायच्या, जिना चढताना दम लागायचा. मला वाटायचं बायकांचं असंच असतं. एकदा चक्कर येऊन पडले तेव्हा कळलं की हिमोग्लोबिन सहावर आलंय. मला रक्त चढवलं ते तुला आठवत असेल, तू शाळेत होतीस, तुला सांगितलं होतं की आईला अशक्तपणा आलाय. थोरल्या मावशीलाही हेच होतं. तुला पाळीत असं काही होत असेल तर सहन करू नकोस, आणि माझ्याकडून उपायही विचारू नकोस. डॉक्टरकडे जा.
>
> आत्या आणि बाबांच्या बाजूचं मी विचारते आहे, कळलं की लिहीन.
>
> मला तुझ्याकडून एकच हवंय. स्त्रीरोगतज्ज्ञाला एकदा भेट आणि सोबतचा कागद तिला दाखव. त्यावर कुणाची पाळी कधी आणि कशी गेली ते लिहिलंय, माझ्या जुन्या सोनोग्राफीची प्रतही जोडली आहे. तपासण्या कुठल्या करायच्या ते तुम्ही दोघी ठरवा. रिपोर्ट मला दाखवायचा की नाही हे तू ठरव. लग्नाचं, मुलांचं जे काही ठरवशील ते तुझं. यावरून मी तुला लग्न लवकर कर, मूल लवकर कर असं म्हणणार नाही. मावश्यांना विचारून लिहिलंय, बाकी कुणाला सांगितलेलं नाही.
>
> तुझी,
> आई

“लवकर कर म्हणणार नाही” हे वाक्य लिहिलंत तर पाळायला मात्र लागेल. मुलगी पुढचं सगळं त्यावरून जोखेल.

तपासण्यांचं पत्रात घालू नका, पण ती विचारेल तेव्हा तुम्हाला माहीत असू दे. डॉक्टर बहुधा एएमएच नावाची रक्ततपासणी सांगतील. ती पाळीच्या कुठल्याही दिवशी करता येते आणि बीजांचा साठा साधारण किती उरलाय याचा अंदाज देते. पण आकडा कमी आला म्हणजे दिवस राहणार नाहीत असं अजिबात नाही, आणि पाळी कुठल्या वर्षी जाईल हेही त्यावरून कळत नाही. मुली हा रिपोर्ट मोबाइलवर बघून रडत येतात, म्हणून मुद्दाम सांगते: तो एकटीनं बघू नये, डॉक्टरसमोर बघावा. सोबत सोनोग्राफीत अंडाशयातल्या, बीजं ज्यांत असतात त्या छोट्या पुटिका मोजतात, आणि त्याच वेळी फायब्रॉइड आहेत का तेही दिसतं. तिला आतून सोनोग्राफी नको असेल तर लघवी रोखून पोटावरून करता येते. चित्र थोडं कमी स्पष्ट येतं, पण नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही करायला सांगा, कारण लोहाचा साठा हिमोग्लोबिन उतरण्याच्या बराच आधी संपतो.

ती पाळीसाठी किंवा मूल नको म्हणून हार्मोनच्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगावं. गोळ्यांमुळे एएमएच थोडं कमी दिसू शकतं. शिवाय गोळ्यांवर असताना दर महिन्याला येणारा रक्तस्राव गोळी थांबल्यामुळे येतो. अंडाशयं काम करतायत की नाही हे त्यावरून समजत नाही. वर्षानुवर्षं गोळ्या चालू असतात आणि बंद केल्यावर पाळी येतच नाही, असं होऊ शकतं.

साठा खरोखरच कमी निघाला तर मूल कधी हवं याचा विचार तिला आणि तिच्या जोडीदाराला करता येईल. बीजं गोठवून ठेवण्याचा मार्गही आहे. २०२१ च्या कायद्याप्रमाणे आपल्याकडे लग्न न झालेली, २१ वर्षांवरची बाईही हे करू शकते. त्यासाठी दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं, मग भूल देऊन बीजं काढणं आणि बराच खर्च आहे. आणि त्यातून मूल होईलच असं कुणी लिहून देऊ शकत नाही. कुणी लिहून देत असेल तर तिथून उठून यावं.

एक गोष्ट मात्र तिनं लक्षात ठेवायलाच हवी. पाळी सलग चार महिने आली नाही, किंवा नियमित येणारी पाळी वर्षभर फार पुढेमागे व्हायला लागली, तर आधी दिवस गेलेत का ते बघावं, आणि नसतील तर एफएसएच ही हार्मोनची रक्ततपासणी मागावी. अशा मुलींना “नोकरीचा ताण आहे” किंवा “पीसीओडी असेल” म्हणून परत पाठवलं जातं आणि वर्ष-दोन वर्षं निघून जातात. तुमचा कागद हातात असेल तर ती म्हणू शकेल, “माझ्या मावशीची पाळी ३८ ला गेली आहे, मला ही तपासणी हवी आहे.” तिची पाळी खरंच चाळिशीच्या आत गेली तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन घ्यायचा सल्ला डॉक्टर देतात, हाडं आणि हृदय सांभाळण्यासाठी. त्यावर “हार्मोननं कॅन्सर होतो” असं नातलग म्हणतील. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ज्या अभ्यासावरून ही भीती पसरली, त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. शरीरात जे असायला हवं ते तरुण बाईला भरून देणं वेगळं.

फायब्रॉइड निघाले तरी लगेच ऑपरेशन असं नसतं. गाठ किती मोठी यापेक्षा कुठे आहे हे महत्त्वाचं. पोकळीत डोकावणारी दोन सेंटिमीटरची गाठ भरपूर रक्त घालवते, आणि बाहेरच्या बाजूला असलेली पाच सेंटिमीटरची गाठ काही न करता वर्षानुवर्षं बसून राहते. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. त्रास असेल तर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे, आणि नुसती गाठ काढून पिशवी ठेवण्याचं ऑपरेशनही आहे. मूल हवं असलेल्या मुलीला कुणी थेट पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय तारीख घेऊ नये. “लग्न झालं की गाठी जातात” असंही तिला कुणी म्हणेल. लग्नानं गाठी जात नाहीत.

शेवटचं तुमच्याबद्दल. ४१ पासून तुमच्या हाडांना इस्ट्रोजेन मिळालेलं नाही, त्याला पंधरा वर्षं झाली. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी या महिन्यात करून घ्या. धाकटीलाही करायला सांगा, तिची पाळी ३८ ला आपोआप गेली असेल तर तुमच्याहूनही आधी. आणि पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर अंगावर लाल ठिपका जरी दिसला तरी “जुन्या गाठींचं असेल” म्हणून घरी थांबू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.